पत्रकातला एक किलोवॅट आणि सड्यावरचा वारा: पवनचक्कीची वीज आपली आपण कशी काढावी

पाटण तालुक्यात सडावाघापूरला पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला गर्दी होते. कड्यावरून खाली पडू पाहणारं पाणी वारा अलगद वर उचलतो आणि बघणाऱ्यांच्या तोंडावर मारतो. तिथे दहा मिनिटं छत्री सांभाळत उभं राहिलं की कुणालाही वाटेल, घरावर एक पंखा लावला की वीजबिलाची कटकट संपली. माझ्या मावसभावालाही तेच वाटलं. त्याचं घर आणि गोठा त्याच भागातल्या एका सड्यावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण १००० मीटर उंचीवर. लाइन आहे, पण पावसाळ्यात गेली की दोन-दोन दिवस येत नाही.

कुठल्याशा प्रदर्शनातून त्याने एक पत्रक आणलं होतं. त्यावर छापलं होतं: क्षमता १ किलोवॅट, रोटरचा व्यास १.८ मीटर, १० मीटर प्रति सेकंद वाऱ्याला पूर्ण क्षमता, रोज २४ युनिट वीज. मी वायरिंगची आणि इन्व्हर्टर बसवायची कामं घेतो, म्हणून पत्रक माझ्याकडे आलं.

"दादा, ॲडव्हान्स दिलास का?"

"नाही रे. म्हटलं तू एकदा नजर टाक, मग देऊ."

ते बरं झालं. कारण त्या चार ओळींतच उत्तर होतं, फक्त गणित मांडायचं बाकी होतं. ते गणित इथे पायरीपायरीने देतो. कॅल्क्युलेटर पुरेसा आहे. नंतर एक छोटी एक्सेल शीट लागेल.

आधी वाऱ्याचा वेग योग्य एककात आणा

हवामानाच्या बातम्यांत आणि मोबाइलवर वारा किलोमीटर प्रति तासात असतो. आपल्या सूत्रात तो मीटर प्रति सेकंद लागतो. किलोमीटरच्या आकड्याला ३.६ ने भागायचं. ३६ किलोमीटर प्रति तास म्हणजे १० मीटर प्रति सेकंद, एवढं पाठ ठेवलं तरी चालतं.

ही पायरी पोरकट वाटते, पण सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. सूत्रात वेगाचा घन आहे. भागायचं राहून गेलं तर उत्तर ३.६ पट नाही, ३.६ चा घन म्हणजे सुमारे ४७ पट फुगतं. गोठ्यावरच्या पंख्यातून आख्ख्या वाडीची वीज निघते असं उत्तर आलं, तर आधी एकक तपासा.

पाती किती वर्तुळ कापतात

वारा पात्यांवर आपटतो तेवढाच कामाला येतो, असा समज असतो. म्हणून लोक पाती रुंद आहेत का, तीन आहेत की पाच, हे बघतात. हिशेबाला लागतं ते पाती फिरताना हवेत जे वर्तुळ कापतात त्याचं क्षेत्रफळ. वेगात फिरणारी तीन बारीक पातीसुद्धा त्या वर्तुळातून जाणाऱ्या सगळ्या हवेवर हात ठेवतात.

```
A = π × D × D / 4
```

इथे D म्हणजे व्यास, मीटरमध्ये. दादाच्या पत्रकातला व्यास १.८ मीटर. १.८ गुणिले १.८ म्हणजे ३.२४, त्याला ३.१४१६ ने गुणून ४ ने भागलं की २.५४५ चौरस मीटर. घरातल्या दोन दरवाज्यांपेक्षाही लहान. एवढ्या खिडकीतून येणारा वारा, बस.

काही पत्रकांत व्यासाऐवजी पात्याची लांबी दिलेली असते. ती साधारण त्रिज्या असते. लांबीलाच व्यास धरलं तर उत्तर चौपट कमी येईल, आणि उलट चूक केली तर चौपट जास्त. उभ्या अक्षाची चक्की असेल, म्हणजे अंडं फेटायच्या यंत्रासारखी दिसणारी, तर सरळ पात्यांसाठी व्यास गुणिले उंची हे क्षेत्रफळ धरायचं. आणि कुणी चक्कीभोवती नरसाळं बसवून 'जास्त वारा खेचतो' म्हणत असेल, तर क्षेत्रफळ नरसाळ्याच्या रुंद तोंडाचं मोजायचं. मग बहुतेक चमत्कार उतरतात.

त्या वर्तुळातून किती शक्ती जाते

एका सेकंदाचं चित्र डोळ्यांपुढे आणा. वारा १० मीटर प्रति सेकंद आहे. म्हणजे एका सेकंदात २.५४५ चौरस मीटर तोंडाचा आणि १० मीटर लांबीचा हवेचा एक ठोकळा वर्तुळातून पार होतो. त्याचं घनफळ २५.४५ घनमीटर. हवेलाही वजन असतं. समुद्रकाठी १५ अंश तापमानाला एक घनमीटर हवा १.२२५ किलो भरते. गतीमुळे वस्तूत असलेली ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या निम्मं गुणिले वेगाचा वर्ग. सगळं एकत्र केलं की हे सूत्र उभं राहतं:

```
P = 0.5 × ρ × A × v × v × v
```

ρ म्हणजे हवेची घनता, v म्हणजे वेग, उत्तर वॅटमध्ये. वेग तीनदा का येतो, हे त्या ठोकळ्यावरूनच कळतं. वारा दुप्पट झाला की ठोकळा दुप्पट लांब होतो, म्हणजे दुप्पट हवा येते. शिवाय प्रत्येक किलो हवा चौपट ऊर्जा घेऊन येते. दोन गुणिले चार, आठ पट.

आता घनता. सड्यावर हवा विरळ असते. ढोबळ हिशेबाला दर १०० मीटर चढाईला घनता एक टक्क्याच्या आसपास कमी धरा, आणि तापमान वाढलं की आणखी थोडी. १००० मीटरवर २८ अंशाला ती सुमारे १.०४ किलो भरते. समुद्रकाठच्या आकड्यापेक्षा पंधरा टक्के कमी. पत्रकं बहुधा १.२२५ धरूनच छापतात, तेव्हा महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला घर असणाऱ्यांनी हा पंधरा टक्क्यांचा फरक आधीच वजा करावा.

दादाच्या सड्यावर, १० मीटर प्रति सेकंद वाऱ्याला: ०.५ × १.०४ × २.५४५ × १००० म्हणजे १३२३ वॅट. हे वाऱ्यात आहे. चक्कीतून निघेल असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

"म्हणजे १३२३ मधले १००० काढतो म्हणतोय ना तो? मग बरोबरच आहे की."

इथेच पुढची पायरी लागते.

सगळा वारा पकडता का येत नाही

चक्की वाऱ्यातून ऊर्जा घेते म्हणजे वाऱ्याला मंद करते. सगळी ऊर्जा घ्यायची तर हवा जागच्या जागी थांबवावी लागेल. पण थांबलेली हवा पात्यांमागे साचली, तर पुढची कुठून येणार? पंढरपूरच्या दर्शनबारीत पुढचा माणूस पायाशी डोकं ठेवून हललाच नाही तर बारी अडते, तसंच. फरक एवढाच की हवेला बारीतून बाहेर पडायची मुभा आहे. पुढे अडथळा जाणवला की ती वर्तुळाला वळसा घालून निघून जाते.

उलट बाजूने, हवेला अगदी हलकासा हात लावून सोडलं तर भरपूर हवा पार होते, पण प्रत्येक किलोकडून मिळतं थोडंच. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी सगळ्यात फायद्याचा बिंदू असणार. तो जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केला. इंग्लंडचे लँचेस्टर १९१५ मध्येच तिथे पोहोचले होते आणि रशियाच्या झुकॉव्हस्कींनीही १९२० च्या सुमारास तेच काढलं, पण नाव बेट्झ यांचं चिकटलं.

बिंदू शोधायला कलनशास्त्र लागत नाही, चार आकडे घालून बघितलं तरी दिसतो. वारा येतो १० ने. चक्कीमागे पार गेल्यावर त्याचा वेग किती उरला, ते आपण ठरवू. बेट्झ यांच्या मांडणीतली कळीची गोष्ट अशी की पात्यांच्या जागी हवेचा वेग आधीच्या आणि नंतरच्या वेगांच्या बरोबर सरासरीएवढा असतो. किती हवा पार होते, ते त्या सरासरीवर ठरतं.

मागे ७ उरला, तर पात्यांपाशी वेग ८.५, म्हणजे मूळच्या ८५ टक्के हवा पार झाली. प्रत्येक किलोने किती दिलं? १०० मधून ४९ उरले, ५१ टक्के दिले. ०.८५ गुणिले ०.५१ म्हणजे ४३ टक्के.

मागे ५ उरला, तर पार झालेली हवा ७५ टक्के, दिलेली ऊर्जा ७५ टक्के, हाती ५६ टक्के.

मागे १ उरला, तर हवा ५५ टक्के, दिलेली ऊर्जा ९९ टक्के, हाती ५४ टक्के. म्हणजे शिखर ओलांडून आपण पलीकडे उतरलो.

शिखर आहे बरोबर एक तृतीयांशावर. मागे ३.३३ उरला, तर दोन तृतीयांश हवा पार होते, ती आपल्या ऊर्जेचा आठ नवमांश देते, आणि गुणाकार येतो १६ भागिले २७, म्हणजे ५९.३ टक्के. हीच बेट्झ मर्यादा. मोकळ्या वाऱ्यात उभी असलेली कुठलीही चक्की, पाती लाकडाची असोत की कार्बन फायबरची, आपण कापलेल्या वर्तुळातल्या वाऱ्याच्या ५९.३ टक्क्यांच्या वर जात नाही.

आता दादाचं पत्रक. वाऱ्यात १३२३ वॅट, त्याचे ५९.३ टक्के म्हणजे ७८४ वॅट. पत्रक म्हणतं १०००. समुद्रकाठची जड हवा धरली तरी वाऱ्यात १५५९ वॅट आणि मर्यादा ९२४ वॅट. म्हणजे देवगडच्या किनाऱ्यावर नेऊन उभी केली तरी ही चक्की त्या वाऱ्याला १ किलोवॅट देऊ शकत नाही. यंत्र वाईट आहे की चांगलं, हा प्रश्नच उरत नाही. छापलेला आकडाच अशक्य आहे.

कुठल्याही पत्रकावर ही तपासणी दोन मिनिटांत होते. तीन आकडे लागतात: व्यास, पूर्ण क्षमता आणि ती कोणत्या वेगाला. तिसरा आकडा बऱ्याच पत्रकांत नसतो. दादाने फोन करून विचारलं तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "सर, आमची टेक्नॉलॉजी वेगळी आहे."

५९ पासून खाली, खऱ्या चक्कीपर्यंत

मर्यादेपर्यंतही कुणी पोहोचत नाही. पात्यांना हवेचं घर्षण होतं, पात्यांच्या टोकाशी हवा निसटते, मागे जाणारी हवा भोवऱ्यासारखी फिरते आणि ती ऊर्जा वाया जाते. चाळकेवाडी किंवा वनकुसवड्याच्या पठारावर दिसतात तशा मोठ्या पवनचक्क्या आपल्या आवडत्या वेगाला वाऱ्याचे ४० ते ४५ टक्के काढतात. घरगुती चक्कीच्या पात्यांकडून ३५ टक्के मिळाले तर चांगलं म्हणायचं. मग जनरेटर त्यातले ८० टक्के विजेत बदलतो, आणि वायर, रेक्टिफायर, चार्ज कंट्रोलर मिळून आणखी दहा टक्के खातात. ०.३५ × ०.८ × ०.९ म्हणजे जवळपास ०.२५. बॅटरीच्या टर्मिनलवर पोहोचते ती वाऱ्यातल्या शक्तीची चौथाई.

घरगुती कामाला मी कायम हा ०.२५ धरतो. विकणारा माणूस स्वतंत्र चाचणीचा आलेख दाखवेल तर तो आकडा घ्यावा, नाहीतर चौथाईवर थांबावं. त्या हिशेबाने १.८ मीटरची चक्की सड्यावर १० च्या वाऱ्याला ३३० वॅट देते. पत्रकाच्या एक तृतीयांश.

'रोज २४ युनिट' कुठून आले

एक किलोवॅट गुणिले चोवीस तास. वारा रात्रंदिवस, बारा महिने, एकाच जोराने वाहतो असं धरलं की झाले २४ युनिट. सड्यावर राहणाऱ्या माणसाला हे सांगायची गरज नाही, की उन्हाळ्यात सकाळी पानही हलत नाही आणि दुपारी तीननंतर पश्चिमेचा वारा पत्रे वाजवतो.

म्हणून लागतात वाऱ्याचे तास. कोणत्या वेगाचा वारा महिन्यात किती तास वाहिला, हे कळल्याशिवाय युनिट निघत नाहीत. आणि इथे सरासरी वेग फसवतो. समजा एका दिवसात बारा तास ४ चा वारा होता आणि बारा तास ८ चा. सरासरी ६, तिचा घन २१६. पण खरे घन ६४ आणि ५१२, त्यांची सरासरी २८८. सरासरी वेगाचा घन केला तर इथे चौथाई ऊर्जा हिशेबातून गळते. खऱ्या वाऱ्यात हा फरक याहून मोठा असतो: वाऱ्याच्या नेहमीच्या चढउतारात घनांची सरासरी ही सरासरीच्या घनाच्या जवळपास दुप्पट, नेमकं सांगायचं तर सुमारे १.९ पट निघते. हातात फक्त वार्षिक सरासरी असेल तर हा १.९ चा गुणक लावून अंदाज काढता येतो. ती सरासरी ग्लोबल विंड ॲटलस या मोफत नकाशावर आपल्या जागेवर बोट ठेवून मिळते. मात्र तिथे १०, ५० आणि १०० मीटर असे वेगवेगळ्या उंचीचे आकडे असतात. घरगुती खांबासाठी १० मीटरचाच घ्या. १०० मीटरचा आकडा बघून हुरळलेले मी पाहिले आहेत.

नकाशा डोंगरकपारीतल्या एकेका घराचं सांगू शकत नाही, म्हणून आम्ही मोजलं. चक्की जिथे बसवायची तिथेच १० मीटरचा जीआय पाइप उभा केला, वर वाट्यांचा वेगमापक आणि खाली दर दहा मिनिटांची सरासरी नोंदवणारा लॉगर. गच्चीवर उभं राहून हातातल्या मीटरने पाच मिनिटं घेतलेल्या मापाला काही अर्थ नसतो. एप्रिलचे ३० दिवस, म्हणजे ७२० तास, असे विभागले गेले. वेग दोन-दोन मीटरच्या टप्प्यांत बांधला आहे, समोरचा आकडा टप्प्याचा मध्य:

| वेग (मीटर प्रति सेकंद) | तास |
|---|---|
| १ | ९० |
| ३ | १५० |
| ५ | २१० |
| ७ | १५० |
| ९ | ८० |
| ११ | ३० |
| १३ | १० |

एक्सेलमध्ये वेग A2 ते A8 आणि तास B2 ते B8 मध्ये भरा. मग एका कोऱ्या चौकटीत:

```
=0.5*1.04*2.545*0.25*SUMPRODUCT(A2:A8^3,B2:B8)/1000
```

उत्तर ६६.९ युनिट. यातून थोडी काटछाट करायची. चक्की सुमारे साडेतीनच्या वेगापर्यंत फिरत नाही, किंवा फिरली तरी बॅटरीच्या व्होल्टेजपर्यंत पोहोचत नाही, म्हणून पहिल्या दोन ओळी शून्य. आणि ११ च्या पुढे बहुतेक घरगुती चक्क्यांची शेपटी वळते, तोंड वाऱ्यापासून बाजूला जातं, म्हणजे वादळात यंत्र वाचतं. तेव्हा १३ च्या वाऱ्यालाही ११ एवढीच वीज धरायची. उरतात ६२.६ युनिट. दिवसाला दोनच्या थोडे वर.

पत्रकाच्या हिशेबाने महिन्याला ७२० युनिट व्हायला हवे होते. त्या ७२० तासांत त्या २.५४५ चौरस मीटरच्या वर्तुळातून गेलेल्या सगळ्या वाऱ्यातली, एकही वॅट वाया न घालवता मोजलेली ऊर्जा होती २६७ युनिट. सूत्रातला ०.२५ काढून टाकला की हाच आकडा येतो. दादा तो आकडा बराच वेळ बघत बसला. "म्हणजे वाऱ्यातच नाहीत एवढे?"

त्या तक्त्यातली आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. ९ आणि त्यावरचा वारा फक्त १२० तास होता, महिन्याच्या सहाव्या हिश्श्याएवढा. पण ६२.६ पैकी जवळपास ३७ युनिट त्यातूनच आले. उलट पहिले २४० तास, एक तृतीयांश महिना, काहीच दिलं नाही. 'अगदी २ मीटरच्या झुळकीलाही सुरू होते' अशी जाहिरात केलेली चक्की दिसली, तर ती पाती त्या झुळकीला गोल फिरतील हे खरंच असतं. २ च्या वाऱ्याला आमच्या वर्तुळातून चक्कीच्या वाट्याला येतात अडीच-पावणेतीन वॅट. तेवढ्यावर एक छोटा एलईडी लागेल.

एप्रिलचा हा हिशेब वर्षभराला बाराने गुणू नका. घाटमाथ्यावर जून ते ऑगस्टचा वारा वेगळाच असतो आणि पावसाळा सरल्यावर थंडीत तो बसतो. किमान पावसाळ्यातला एक आणि हिवाळ्यातला एक महिना मोजावा, म्हणजे सौर पॅनेलची जोड किती लागेल तेही कळतं. पावसाळ्यात ढग असताना वारा आणि हिवाळ्यात वारा नसताना ऊन, या बाबतीत सड्याचं जुळतं.

उंची वाढवायची की व्यास

दादाला रोज पाच युनिट हवे होते: फ्रिज, दिवे, गोठ्यातला पंखा, टीव्ही. महिन्याला १५०. म्हणजे ६२.६ च्या २.४ पट.

पहिला विचार खांब उंच करायचा येतो. मोकळ्या सपाट जागी उंची दुप्पट केली की वेग साधारण दहा टक्के वाढतो. १० वरून २० मीटरवर गेलं की १.१ चा घन, म्हणजे ऊर्जा सुमारे १.३३ पट. वाईट नाही, पण २.४ पट होत नाही, आणि २० मीटरच्या खांबाचा पाया, तणावाच्या तारा आणि देखभालीला चढणारा माणूस, सगळंच महागतं.

तरी एका कारणासाठी उंची कधीच सोडायची नाही, ते म्हणजे झाडं आणि छपरं. दीडशे मीटरच्या परिसरात जे सगळ्यात उंच असेल त्याच्याही वर नऊ-दहा मीटर चक्की हवी. त्याखाली वारा भोवऱ्यात येतो. शेपटी सारखी इकडून तिकडे हलते, चक्की वाऱ्याला धरत नाही, बेअरिंग लवकर जातात, आणि कागदावरचा ०.२५ प्रत्यक्षात दहा-पंधरा टक्क्यांवर येतो. तपासायला सोपा उपाय: पाइपवर दर दोन मीटरला साडीच्या काठाची हातभर पट्टी बांधायची. चांगल्या वाऱ्यात जी पट्टी झेंड्यासारखी सलग आडवी राहते तिथपासून वर चक्की. जी पिळते, खाली पडते, परत उसळते, तिच्या उंचीला चक्की नको. आमची पहिली जागा कड्याच्या अगदी धारेवर होती, 'तिथे वारा सगळ्यात जास्त' म्हणून. पण तिथे तो तिरका वर उसळतो, आणि आडव्या अक्षाच्या चक्कीला तिरका वारा निम्माच पचतो. खालच्या तीन पट्ट्या आकाशाकडे तोंड करून होत्या. पाइप आत, मोकळ्या माळावर हलवला. वरचं मोजमाप तिथलं आहे.

राहिला व्यास. क्षेत्रफळ २.४ पट हवं, तर व्यास २.४ च्या वर्गमूळाएवढा, म्हणजे १.५५ पट. १.८ चे झाले २.८ मीटर. क्षेत्रफळ ६.१६ चौरस मीटर, महिन्याचा हिशेब १५१ युनिट. आणि गंमत बघा: २.८ मीटरची चक्की आमच्या हवेत, ११ च्या वाऱ्याला, चौथाई धरून १०६५ वॅट देते. खरा एक किलोवॅट हवा असेल तर वर्तुळ एवढं लागतं. पत्रकातली चक्की त्याच्या पाव-अर्ध्याच्या मधली होती, नाव मात्र तेच.

बसवल्यावर हिशेब जुळतो का

दादाने दुसरीकडून २.८ मीटरची घेतली, २४ व्होल्टच्या बॅटरी बँकेवर. बसवल्यावर तपासायची पद्धत अशी: वेगमापक त्याच उंचीला, पण पात्यांपासून बाजूला, ठेवायचा. वारा दहा मिनिटं साधारण एका वेगाला टिकला की कंट्रोलरच्या डीसी वायरवर क्लॅम्प मीटर लावायचा. ८ च्या वाऱ्याला सूत्र सांगतं ४१० वॅट. चार्ज होताना बॅटरी २६ व्होल्टला असते, म्हणून ४१० भागिले २६, जवळपास १६ ॲम्पियर. वारा गचके देत असतो, त्यामुळे एका मापावर भरवसा ठेवायचा नाही. आठ-दहा मापं घ्यायची.

पहिल्या दिवशी ८ च्या वाऱ्यात मीटर ६ ॲम्पियर दाखवत होता. दादाचा चेहरा पडला, माझाही. पाती उलटी बसली का ते बघितलं, केबलचे जोड तपासले, रेक्टिफायरचे तिन्ही फेज मोजले. सगळं ठीक. मग हात लागला कंट्रोलरच्या शेजारच्या हीटरला, आणि चटका बसला. बॅटरी सकाळीच भरली होती. उरलेली वीज कंट्रोलर त्या हीटरच्या तारेत जाळत होता, कारण चक्कीला पूर्ण मोकळं सोडलं तर ती वेड्यासारखी वेग घेते. माझी क्लॅम्प बॅटरीच्या वायरवर होती, त्यामुळे हीटरकडे जाणारा प्रवाह मला दिसतच नव्हता.

फ्रिज, पंखा आणि हॅलोजन चालू केला, बॅटरी खाली उतरू दिली, आणि संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटल्यावर परत मोजलं. १४, १७, १५, १६. दादाने ते चार आकडे जुन्या पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिले, तारीख टाकली आणि पत्रक फ्यूजच्या पेटीत आत चिकटवून ठेवलं.